मोटर थांबते, टेबल थांबत नाही: सर्व्होचा इनर्शिया रेशो, ट्यूनिंग आणि सेटलिंग

"साहेब, मोटर थांबते हो, पण टेबल थांबत नाही." एका इंडेक्सिंग मशीनच्या ऑपरेटरने मला हे सांगितलं, तेव्हा ड्राइव्हच्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. इन-पोझिशन सिग्नल वेळेत येत होता, पोझिशन एरर शून्यावर होता. तरी त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं. तिथे पोहोचेपर्यंत मी एक चूक केली होती. तीही पुढे सांगतो, कारण इनर्शिया रेशोबद्दल सर्वांत उपयोगी गोष्ट मला तीच शिकवून गेली.

मोटरला जाणवणारं लोडचं जडत्व मोटरच्या रोटरच्या जडत्वाच्या किती पट आहे, तो आकडा म्हणजे इनर्शिया रेशो. "दहाच्या आत ठेवा", "पाचच्या आत ठेवा" असे नियम सगळ्यांना पाठ असतात, पण दहाच का, हे क्वचितच कोणी सांगतं. म्हणून हेच मशीन घेऊन पायरीपायरीने जाऊ. आकडे मोजके आहेत आणि शेवटपर्यंत तेच वापरणार आहोत.

पहिली पायरी: लोडचं जडत्व काढा

टेबल म्हणजे ॲल्युमिनियमची गोल प्लेट होती, व्यास ४०० मिमी, जाडी १५ मिमी. वजन सुमारे ५.१ किलो. तिच्यावर ८ फिक्स्चर, प्रत्येकी अर्धा किलो, केंद्रापासून १६० मिमीवर.

```
प्लेट:      J = 0.5 * 5.1 * 0.2^2      = 0.102 kg.m2
फिक्स्चर:   J = 8 * 0.5 * 0.16^2       = 0.102 kg.m2
एकूण:       JL = 0.204 kg.m2
```

फिक्स्चरचं एकूण वजन ४ किलो, म्हणजे प्लेटपेक्षा कमीच. तरी जडत्व प्लेटइतकंच भरतं, कारण अंतराचा वर्ग लागतो. ड्रॉइंगवर फक्त प्लेट पाहून हिशेब करणाऱ्याचा आकडा इथे थेट निम्मा येतो. फिक्स्चर, क्लॅम्प, त्यांचे बोल्ट आणि वर बसणारा जॉब हे सगळं पकडा. कॅड सॉफ्टवेअरमधून आकडा घेत असाल, तर तो फिरण्याच्या अक्षाभोवतीचाच आहे ना, हे तपासा. वस्तूच्या स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवतीचा आकडा घेणं ही नेहमीची चूक आहे.

दुसरी पायरी: मोटरच्या बाजूला आणा

मोटर ७५० वॅटची होती, ३००० आरपीएमची, रोटरचं जडत्व ०.०००१ किग्रॅ-मी². मध्ये १०:१ चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स. लोडचं जडत्व मोटरला गिअर रेशोच्या वर्गाने कमी होऊन जाणवतं.

```
R = JL / (N^2 * Jm) = 0.204 / (100 * 0.0001) = 20.4
```

म्हणजे रोटरच्या वीसपट ओझं. तरीही ही निवड पास कशी झाली? टॉर्क भरपूर होता म्हणून. ४५ अंशांचं इंडेक्स ०.४ सेकंदात करायचं होतं. वेळेचे तीन सारखे भाग पाडून वेग चढवायचा, टिकवायचा आणि उतरवायचा. त्यात टेबलाचा सर्वोच्च वेग फक्त २८ आरपीएम येतो आणि मोटरवर साधारण ०.४७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. मोटरचा रेटेड टॉर्क २.३९ आहे. कागदावर पाचपट मोकळीक दिसते, मग कोण हरकत घेणार?

पण त्याच कागदावर आणखी एक आकडा होता आणि त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. मोटर २८० आरपीएमवर चालणार होती. तीन हजारांची मोटर एक दशांश वेगावरही जात नसेल, तर गिअर रेशो कमी घेतला गेलाय, हे तिथेच ओळखायला हवं होतं.

तिसरी पायरी: रेशोमुळे गेनवर पडणारी मर्यादा

सगळ्या विषयाची गुरुकिल्ली इथे आहे, म्हणून थोडं थांबू.

मोटर आणि टेबल यांच्यामध्ये जे काही आहे, म्हणजे गिअरबॉक्स, कपलिंग, शाफ्ट, ते स्प्रिंगसारखं वागतं. हळू हालचालीत मोटर आणि टेबल एकत्र फिरतात, म्हणून ड्राइव्हला रोटर अधिक टेबल असं पूर्ण ओझं जाणवतं. पण फार वेगाने, सेकंदाला शेकडो वेळा मागेपुढे हलवायला गेलं, तर स्प्रिंग तेवढ्या वेळात टेबलापर्यंत काही पोहोचवत नाही. टेबल जागच्या जागी राहतं आणि मोटर फक्त स्वतःचा रोटर हलवते.

आता व्हेलॉसिटी गेन Kv ठरवला पूर्ण ओझं धरून, म्हणजे रोटरच्या १ + २०.४ पट जडत्वासाठी. वरच्या फ्रिक्वेन्सीला ओझं एकदम गळून एकटा रोटर उरतो. तिथे तोच गेन २१ पट जास्त ठरतो. व्हेलॉसिटी गेन २० हर्ट्झ लावला, तरी लूप प्रत्यक्षात ४२८ हर्ट्झच्या लूपसारखा धावायला जातो. तिथवर करंट लूप, एन्कोडर आणि टॉर्क फिल्टरचा उशीर साचलेला असतो आणि लूप अस्थिर होतो. मोटर चिरक्या आवाजात ओरडू लागते. माझ्या मशीनवर हे २० हर्ट्झच्या जरा पुढेच होत होतं.

म्हणून पहिली मर्यादा अशी लिहून ठेवा:

```
Kv * (1 + R)  <  ड्राइव्हची सोसण्याची मर्यादा (Hz)
```

उजवीकडचा आकडा ड्राइव्हवर आणि फिल्टरवर अवलंबून असतो. नव्या ड्राइव्हमध्ये जास्त, जुन्यात कमी. माझ्या ड्राइव्हवर तो ४०० च्या आसपास भरला, म्हणून रेशो २०.४ असताना Kv ला जेमतेम १९ हर्ट्झची मुभा मिळाली. पोझिशन गेन साधारणपणे २πKv च्या चौथ्या भागापासून सुरू करतात. तो निघाला सेकंदाला ३०. असा लूप शेवटचा एरर पुसायला आरामात १०० मिलिसेकंदांच्या वर घेतो. कमी गेन आणि लांबलेलं सेटलिंग यांचा धागा हा असा जुळतो.

इथे बहुतेक जण नॉच फिल्टरकडे धाव घेतात. नॉच उपयोगी आहे, पण आधी एक खूण पाहा. आवाजाच्या फ्रिक्वेन्सीवर नॉच लावला आणि आवाज थांबला, तर ती खरी यांत्रिक रेझोनन्स होती. आवाज थांबायच्या ऐवजी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला सरकला, तर तिथे रेझोनन्स नाही. गेन आणि उशीर यांचं गणित बिघडलंय. अशा वेळी आणखी नॉच घातले तर उशीर वाढतो आणि हालत बिघडत जाते.

चौथी पायरी: ताठपणामुळे गेनवर पडणारी मर्यादा

मोटरचा शाफ्ट घट्ट धरला आणि टेबलाला टोला दिला, तर टेबल स्प्रिंगवर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीने डोलतं. तिला अँटीरेझोनन्स म्हणतात, खाली तिला fa लिहिलंय. माझ्याकडच्या गिअरबॉक्सचा ताठपणा आउटपुट बाजूला १०,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन होता आणि टेबलाखालच्या रबरी स्पायडरच्या जॉ कपलिंगचा १५,०००. एकामागे एक असलेल्या स्प्रिंग एकत्र केल्या की ताठपणा दोन्हींपेक्षा कमी येतो.

```
K  = 1 / (1/10000 + 1/15000)          = 6000 N.m/rad
fa = (1/(2*pi)) * sqrt(6000 / 0.204)  = 27 Hz
fr = fa * sqrt(1 + R)                 = 126 Hz
```

दुसरी ओळ नीट पाहा. तिच्यात मोटरचं जडत्व नाही, गिअर रेशोही नाही. fa फक्त लोडचं जडत्व आणि लोडबाजूचा ताठपणा ठरवतात. तुम्ही रेशो कितीही सुधारला, तरी ही फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही. तिसऱ्या ओळीतली fr ही खरी रेझोनन्स. नॉच लावायचा तो तिच्यावर.

fa महत्त्वाची का? ताठ लूपमधली मोटर भिंतीसारखी उभी राहते. टेबल तिच्या भोवती डोलत राहतं आणि ते डोलणं शमवायला फक्त गिअरबॉक्समधलं घर्षण उरतं. लूप थोडा मऊ असेल, तर टेबलाच्या धक्क्याने मोटर किंचित सरकते आणि शॉकॲब्सॉर्बरसारखं काम करते. फक्त व्हेलॉसिटी लूप धरला, तर टेबलाला मिळणारं डॅम्पिंग साधारण असं येतं:

```
zeta = fa / (2 * Kv)
```

पोझिशन लूप आणि इंटिग्रल मिळून यातला बराच वाटा खातात. मी ढोबळ हिशेबासाठी आलेल्या आकड्याचा निम्मा धरतो. तरी दिशा स्पष्ट आहे. Kv हा fa च्या पुढे नेला की मोटरचा ट्रेस देखणा होत जातो आणि टेबल मात्र जास्त डोलतं. दुसरी मर्यादा हीच: Kv साधारण fa च्या आसपासच ठेवा.

माझी चूक

मी तेव्हा फक्त पहिल्या मर्यादेचा विचार केला. १०:१ काढून त्याच आकाराचा दोन स्टेजचा २०:१ गिअरबॉक्स बसवला. रेशो ५.१ झाला. मोटर आता ५६० आरपीएमवर फिरणार, त्याची अडचण काहीच नव्हती. गेनची मुभा एकदम ६५ हर्ट्झवर गेली. मी Kv ६० केला. आवाज नाही, मोटर ४० मिलिसेकंदांत जागेवर. मी खूश होतो.

तेव्हाच ऑपरेटर ते वाक्य म्हणाला.

दोन स्टेजच्या गिअरबॉक्समध्येही लोडबाजूचा ताठपणा मुख्यतः शेवटची स्टेज ठरवते, म्हणून K तेवढाच राहिला होता आणि fa २७ हर्ट्झवरच होती. Kv ६० म्हणजे सूत्राने डॅम्पिंग ०.२३, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर. ब्रेक मारताना टेबल स्प्रिंगवर किती पिळलं जातं, ते काढता येतं. त्वरणाला (२πfa)² ने भागायचं.

```
22.1 / (2*pi*27.3)^2 = 0.00075 rad
160 mm वर:             0.12 mm
```

म्हणजे थांबण्याच्या क्षणी फिक्स्चर ०.१२ मिमीने पिळलेलं असतं आणि तिथून डोलायला सुरुवात होते. मशीनला ०.०५ मिमीच्या आत स्थिर व्हायचं होतं. लेझर सेन्सर थेट फिक्स्चरवर धरला, तेव्हा त्या मर्यादेत यायला ८० ते ९० मिलिसेकंद लागत होते. इन-पोझिशन सिग्नल त्याच्या निम्म्या वेळात येऊन जात होता. तो सिग्नल मोटरच्या एन्कोडरवरून ठरतो, त्याला टेबलाचं डोलणं दिसतच नाही. सिग्नल येताच नोझल खाली यायचं आणि जॉब अजून हलत असायचा.

पाचवी पायरी: दोन्ही मर्यादा एकत्र वर उचला

जॉ कपलिंग काढून टाकलं. एक आकार मोठा, फ्लँज आउटपुटचा २०:१ गिअरबॉक्स घेतला आणि टेबल थेट फ्लँजवर बोल्टने बसवलं. लोडबाजूचा ताठपणा ६,००० वरून ३०,००० झाला.

```
fa = 61 Hz      (दुसरी मर्यादा)
R  = 5.1        (पहिली मर्यादा: Kv साधारण 65 Hz)
पिळणं:  0.024 mm
```

आता दोन्ही मर्यादा शेजारी शेजारी आल्या. Kv ५० हर्ट्झ आणि पोझिशन गेन सेकंदाला ७५ ठेवला. आवाज नाही. पिळणंच ०.०५ मिमीच्या निम्म्यावर आलं, त्यामुळे उरलेल्या डोलण्याने सहिष्णुता मोडत नाही. फिक्स्चर ४५ मिलिसेकंदांच्या आसपास स्थिर होऊ लागलं आणि इन-पोझिशन सिग्नलवर पुन्हा विश्वास ठेवता आला.

कोणी विचारेल, मग रेशो १:१ च का नाही? त्यासाठी गिअर रेशो √२०४०, म्हणजे सुमारे ४५ लागेल. दिलेल्या टॉर्कमध्ये सर्वाधिक त्वरण त्या बिंदूवर मिळतं, हे खरं. पण तो उतार फार सपाट आहे. २०:१ ला मोटरचा टॉर्क ०.२७ लागतो, ४५:१ ला ०.२०, आणि आपल्याकडे २.३९ आहे. गेनची मुभा १०० च्या पुढे जाईल, पण fa ६१ वरच असल्याने ती वापरता येणार नाही. न वापरता येणाऱ्या मोकळिकीसाठी मी पैसे घालणार नाही. जास्त इनर्शियाच्या रोटरची मोटर घेण्याचंही तसंच. पहिली मर्यादा वर जाते, दुसरी हलत नाही.

यांत्रिक बदल शक्यच नसेल तर

प्लेट, गिअरबॉक्स सगळं बसून गेलंय, हात लावता येत नाही, अशी वेळ येते. तेव्हा डोलणं उठूच नये म्हणून मूव्हची वेळ जुळवा. सारख्या त्वरणाचा काळ डोलण्याच्या पूर्ण आवर्तनांइतका ठेवला, तर शेवटी डोलणं जवळपास उरत नाही. २७ हर्ट्झचं एक आवर्तन ३७ मिलिसेकंदांचं. माझा त्वरणकाळ होता १३३, म्हणजे साडेतीनच्या जरा वर आवर्तनं, जवळजवळ सर्वांत वाईट जागा. तो १४७ केला की नेमकी चार आवर्तनं होतात. एकूण वेळ ०.४ सेकंदच राहते, वेग फक्त पाच टक्क्यांनी वाढतो. ड्राइव्हमधला व्हायब्रेशन सप्रेशन फिल्टरही कमांडवर असंच काहीतरी करतो. मात्र लोड बदलला की आवर्तनाचा काळ बदलतो आणि हा जुळवलेला मेळ सुटतो.

मोजून घ्या

कॅटलॉगमधल्या ताठपणावर भागवू नका. माउंटिंग प्लेट आणि फ्रेम वाकतात, ते कॅटलॉगमध्ये नसतं. मोटरला ब्रेक असेल तर तो लावा, टेबलाच्या कडेवर ॲक्सिलरोमीटर चिकटवा आणि रबरी हातोड्याने स्पर्शरेषेच्या दिशेने टोला द्या. टोला अगदी हलका नको, नाहीतर तो गिअरच्या बॅकलॅशमध्येच विरतो आणि फ्रिक्वेन्सी खोटी कमी दिसते. फोनमधला सेन्सर बहुधा सेकंदाला शंभरच्या आसपास वाचनं घेतो. २७ हर्ट्झ त्यावर दिसतात, ६१ दिसणार नाहीत.

रेशोही ड्राइव्हच्या ऑटो-एस्टिमेशनने काढून आपल्या हिशेबाशी ताडून पाहा. दोन्हींमध्ये मोठी तफावत आली, तर घर्षण किंवा फारच मंद टेस्ट मूव्ह आकडा बिघडवतेय, नाहीतर आपलं काहीतरी मोजायचं राहिलंय. आणि भरताना एकक बघा. Yaskawa च्या `Pn103` मध्ये आणि Panasonic च्या `Pr0.04` मध्ये रेशो टक्क्यांत जातो, म्हणजे २०.४ साठी 2040. Mitsubishi च्या `PB06` मध्ये तो पटीत जातो, म्हणजे 20.4. या पॅरामीटरवरून ड्राइव्ह हर्ट्झमधल्या गेनचं टॉर्कमध्ये रूपांतर करतो. खरा रेशो २०.४ असताना २ भरलं, तर स्क्रीनवरचे ५० हर्ट्झ प्रत्यक्षात ७ असतात. ट्यूनिंगचा सल्ला विचारणाऱ्याला मी आधी हा आकडा विचारतो.

रेशो जास्त आणि बॅकलॅशही असेल तर

टेबल थांबलेलं असताना मोटर बारीक घरघरत राहिली, तर बॅकलॅशकडे बघा. दातांच्या फटीत असेपर्यंत मोटर मोकळी असते, तिला टेबल जाणवतच नाही. त्या क्षणी गेन पुन्हा २१ पट जास्त ठरतो. मोटर एका बाजूला आपटते, परत येते, पुन्हा आपटते. गेन कमी करून हे थांबतं, पण सेटलिंगची किंमत देऊन. रेशो कमी असला की हीच फट तेवढी त्रास देत नाही.

बदलता लोड

शेवटी, टेबल कधी रिकामं आणि कधी भरलेलं चालत असेल तर ट्यूनिंग कोणत्या अवस्थेत करायचं? पॅरामीटरमध्ये भरलेल्या टेबलाचा रेशो असेल आणि टेबल रिकामं झालं, तर खरा गेन आपोआप वाढतो. म्हणून आवाज आणि स्थिरता तपासायची ती सर्वांत हलक्या लोडवर. सेटलिंग मोजायचं सर्वांत जड लोडवर, कारण fa तिथे सर्वांत खाली असते आणि पिळणं सर्वांत जास्त. आमच्या टेबलावर जॉब हलके होते, फरक किरकोळ निघाला. पण फिक्स्चरचा नवा, जड संच आला त्या दिवशी मी टोला देऊन fa पुन्हा मोजली, Kv ४२ वर आणला आणि मगच मशीन ऑपरेटरच्या हाती दिलं.